हप्ता वाढला नाही, मग कर्ज का संपेना?

2022 ची रमजान ईद 3 मे रोजी, मंगळवारी झाली. त्या रमजानात आमच्या पिंगळीत घरोघरी एकच विषय होता, तेलाचा. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचे तेल येणे अवघड झाले होते, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली होती आणि इफ्तारची भजी तळताना बायका कढईत तेल मोजून ओतत होत्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, घरात पाहुणे होते. दुपारी दोनच्या सुमारास टीव्हीवर बातमी आली की रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के केला. गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता हा निर्णय जाहीर केला होता. शिरखुर्मा पिणाऱ्या कोणीही तिकडे लक्ष दिले नाही. आम्हीही दिले नाही. पॉइंट चाळीसने काय होते, असे वाटले.

काय होते ते वर्षभराने धाकट्या भावाने आणलेल्या बँकेच्या कागदावर दिसले.

भाऊ परभणीत एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. पत्र्याच्या जागी स्लॅबचे घर बांधायचे म्हणून त्याने 1 एप्रिल 2022 रोजी गृहकर्ज घेतले. त्या वेळी वय एकतीस. रक्कम दहा लाख, मुदत वीस वर्षे, व्याज 7 टक्के आणि महिन्याचा हप्ता 7,753 रुपये. (वाचकांना हिशोब करून पाहता यावा म्हणून रक्कम आणि दर आम्ही थोडे गोल केले आहेत.) कर्जाच्या कागदात एक ओळ होती, ती सही करताना कोणी वाचली नव्हती: व्याजदर म्हणजे 'रेपो दर अधिक 3 टक्के', दर तीन महिन्यांनी बदलणारा.

ही ओळ बँकेने आपल्या मनाने घातलेली नव्हती. 1 ऑक्टोबर 2019 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की व्यापारी बँकांनी घर, गाडी यांसारखी बदलत्या दराची नवी कर्जे बाहेरच्या एखाद्या दराशी बांधावीत, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. रेपो म्हणजे काय, तर बँकांना थोड्या दिवसांसाठी पैशांची गरज पडली की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उसने घेतात, त्या उसनवारीचा दर. मोंढ्यात ठोक भाव वाढला की गल्लीतल्या दुकानात किरकोळ भाव वाढतो, तसे हे आहे. फरक इतकाच की किराणा दुकानदार दोन-चार दिवस जुना माल जुन्या भावाने देतो. रेपोशी बांधलेल्या कर्जात तशी सवलत नाही. वरचा आकडा हलला की पुढच्या तिमाहीला खालचा हलणारच.

रेपो दर त्या मे महिन्यापासून नऊ महिन्यांत सहा वेळा वाढला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 वर जाऊन थांबला. भावाच्या कर्जाचा दर त्याच्या मागोमाग 7 वरून साडेनऊ टक्क्यांवर गेला. पण त्याच्या खात्यातून दरमहा 7,753 रुपयेच कापले जात होते. त्यामुळे तो निर्धास्त होता. "भाईजान, हप्ता तर तेवढाच आहे," असे म्हणतच त्याने वर्षाचा उतारा आमच्यासमोर ठेवला.

शाळेत आठवीला चक्रवाढ व्याज शिकवतो, म्हणून कागद आमच्याकडे आला होता. आम्ही पेन घेऊन बसलो. हप्त्याचा हिशोब तसा अवघड नाही. कर्जाची बाकी घ्यायची, तिला वार्षिक दराने गुणायचे आणि बाराने भागायचे. येईल ते त्या महिन्याचे व्याज. बँक हप्त्यातून आधी व्याज घेते, उरेल ते मुद्दलातून कमी करते. पहिल्या महिन्यात दहा लाखांवर 7 टक्क्यांनी व्याज होते 5,833 रुपये, म्हणजे 7,753 मधले 1,920 रुपये मुद्दलात गेले. ऑक्टोबर 2022 मध्ये मुद्दलात गेले 406 रुपये. जानेवारी 2023 मध्ये 127. वर्षभरात भावाने एकूण 93,036 रुपये भरले होते आणि मुद्दल कमी झाले होते सुमारे 11,000 रुपयांनी. बाकी उरली 9,88,948.

आता एप्रिल 2023 चा महिना पाहा. 9,88,948 रुपयांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याज येते 7,829 रुपये. हप्ता 7,753. म्हणजे अख्खा हप्ता देऊनही व्याजच 76 रुपयांनी कमी पडत होते. ते 76 रुपये बाकीत मिळवले की पुढच्या महिन्याचे व्याज आणखी थोडे वाढणार. असे कर्ज वीस वर्षांत काय, कधीच फिटत नाही. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "अब्बू, चाचू पैसे भरतायत आणि कर्ज वाढतंय?" तेच घडत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाखेत गेलो. तिथल्या माणसाने संगणकात पाहून शांतपणे सांगितले की दर वाढला तेव्हा ग्राहकावर भार पडू नये म्हणून हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली जाते. बँकेची बाजूही समजण्यासारखी आहे. हप्ता अचानक वाढला तर अनेकांचे हप्ते थकतात, लोक शाखेत येऊन भांडतात. मुदत वाढवली की कोणी येत नाही, कारण कोणाला कळतच नाही. आमची तक्रार दर वाढल्याची नाही. ज्याचे कर्ज, त्याला विचारले नाही, याची आहे.

त्याने दोन पर्याय दिले. हप्ता 8,500 केला तर चालेल, असे तो म्हणाला. 747 रुपयांची वाढ भावाला झेपणारी होती, तो लगेच हो म्हणणार होता. आम्ही विचारले, कर्ज कधी संपेल? पुन्हा बोटे चालली आणि उत्तर आले, 322 हप्ते. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षे, तेही एक वर्ष भरून झाल्यावर. पन्नाशीच्या तोंडावर मोकळा होणारा माणूस साठीच्या उंबरठ्यापर्यंत हप्ते भरत राहिला असता. उरलेल्या एकोणीस वर्षांतच कर्ज संपवायचे असेल तर हप्ता 9,384 रुपये पडत होता. दर तेवढाच राहिला असे धरून दोन्ही वाटांनी एकूण किती रुपये जातात ते आम्ही तिथेच बाकावर बसून काढले. 8,500 च्या वाटेने जवळपास सहा लाख रुपये जास्त. महिन्याला 884 रुपये वाचवण्याची ती किंमत होती.

भावाने 9,384 चा हप्ता घेतला. त्याच्या बायकोने घरखर्चात हात आखडता घेतला, दुसरी भिशी बंद केली. दिवस ओढाताणीचे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना एवढा हप्ता झेपणार नाही त्यांनी मुदत वाढवून घेणे चुकीचे आहे असेही आमचे म्हणणे नाही. फक्त ती किती वाढते आहे ते पाहून घ्यावी.

अशी कर्जे देशभर होती. 18 ऑगस्ट 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने त्यावर परिपत्रक काढले आणि वर्षअखेरीपर्यंत ते जुन्या कर्जांनाही लागू करायला सांगितले. दर बदलल्याने हप्ता किंवा मुदत बदलत असेल तर ते ग्राहकाला लगेच कळवायचे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ठरवायचा हक्क ग्राहकाला. हप्ता व्याजालाही अपुरा पडेल इतकी मुदत ताणायची नाही, म्हणजे भावाचे ते 76 रुपये आता घडायला नकोत. आणि दर तीन महिन्यांनी एक उतारा द्यायचा, ज्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर सोप्या भाषेत असेल. ज्या घरात असे कर्ज आहे त्यांनी हा उतारा मागून घ्यावा आणि त्यातला 'उरलेले हप्ते' हा आकडा आधी पाहावा. कर्ज घेऊन पाच वर्षे झाली आणि उरलेले हप्ते मूळ मुदतीइतकेच किंवा जास्त असतील, तर तुमच्याकडेही तेच झाले आहे. हातात थोडी रक्कम आली तर ती मुद्दलात भरता येते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लावता येत नाही.

एक खबरदारी सांगायला हवी. सगळीच कर्जे रेपोशी बांधलेली नसतात. 2019 आधीची अनेक कर्जे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दराशी जोडलेली आहेत, गृहवित्त कंपन्या आपापला दर ठरवतात आणि सहकारी बँकांना तो 2019 चा नियम लागू नाही. अशा ठिकाणी रेपो उतरला तरी तुमचा दर उशिरा उतरतो, कधी उतरतच नाही. सोनेतारण सहसा ठरलेल्या दराने असते. पीककर्जाचे गणित तर वेगळेच आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सरकारी व्याज सवलतीवर चालते आणि आपल्या राज्यात ते वेळेवर फेडले तर व्याज शून्यावर येते. त्यामुळे पिंगळीच्या शेतकऱ्याचे पीककर्ज रेपोच्या चढउताराने हलत नाही. त्याच शेतकऱ्याच्या मुलाने परभणीत फ्लॅट घेतला असेल तर ते कर्ज हलते.

मग 2025 मध्ये वारे उलटे फिरले. फेब्रुवारीत रेपो 6.25 झाला, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये एकदम 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25. भावाचा दर साडेनऊवरून सव्वाआठ टक्क्यांवर आला. या वेळी तो स्वतःच कागद घेऊन आला. जानेवारी 2026 मध्ये बाकी होती सुमारे 9,25,000. ठरलेल्या मुदतीतच कर्ज संपवायचे तर हप्ता 8,629 पर्यंत खाली आणता येत होता, म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपये मोकळे. किंवा हप्ता 9,384 च ठेवला तर कर्ज 195 ऐवजी 166 हप्त्यांत, सुमारे अडीच वर्षे आधी संपत होते आणि सव्वा लाखाहून जास्त रुपये वाचत होते. दर पुढे पुन्हा हलेल आणि हे आकडेही हलतील, हे गृहीत धरूनच त्याने हप्ता तसाच ठेवला. वाढलेल्या हप्त्याची आता सवय झाली आहे, असे तो म्हणाला.

कर्जदाराला जे गोड, ते ठेवीदाराला कडू. बँकेत एकाच्या ठेवीतून दुसऱ्याला कर्ज जाते, तेव्हा दर उतरला की ठेवीचे व्याजही उतरते. पण चाल सारखी नसते. रेपो वाढला तेव्हा कर्जे तीन महिन्यांत महाग झाली आणि ठेवींचे दर मात्र रेंगाळत वर गेले. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांनी 2023 मध्ये निम्मी रक्कम पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली, 8.2 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. निम्मी बँकेत एका वर्षाच्या मुदतठेवीत ठेवली, सातच्या आसपास व्याजाने. बँकेची ठेव ते दरवर्षी नूतनीकरण करत राहिले. 2025 च्या अखेरीस नवी पावती हातात आली तेव्हा दर सव्वासहाच्या आसपास होता, आणि बँकेने आपल्याला फसवले असेच त्यांना वाटले. फसवणूक नव्हती. मुदतठेवीचा दर ठेव ठेवली त्या दिवशी ठरतो आणि मुदत संपेपर्यंत तोच राहतो. मुदत संपली की त्या दिवसाचा बाजारभाव लागतो. पोस्टाच्या योजनेतली त्यांची रक्कम अजून 8.2 टक्क्यांनीच चालू आहे, कारण तो दर पाच वर्षांसाठी बांधला गेला होता.

पोस्टाच्या योजनांचे दर रिझर्व्ह बँक ठरवत नाही, केंद्राचे अर्थ मंत्रालय दर तिमाहीला ठरवते. ते किती सावकाश हलतात याचा नमुना म्हणजे भविष्य निर्वाह निधीची पीपीएफ योजना. एप्रिल 2020 पासून तिचा दर 7.1 टक्के आहे. रेपो 4 होता तेव्हाही तोच होता आणि साडेसहा झाला तेव्हाही तोच. बचत खात्याचा दर तर इतका कमी असतो की रेपो वाढताना त्यावर कोणाचे लक्ष जात नाही, पण उतरताना तोही सुटत नाही. स्टेट बँकेने जून 2025 मध्ये तो 2.70 वरून 2.50 टक्के केला.

आता आमच्या वाचकांपैकी अनेक जण म्हणतील की आम्ही व्याज घेतही नाही आणि देतही नाही, आम्हाला याचे काय? व्याजाचा शरई प्रश्न आलिमांचा आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण ज्या घरात व्याजाचा एक रुपया येत नाही त्या घरातही रेपो दर पोहोचतो, तो भावाच्या वाटेने. कापसाच्या हंगामात जिनिंगवाला बँकेच्या कॅश क्रेडिटवर माल खरेदी करतो. त्याच्या पैशावर दिवसागणिक व्याज चढते. दर वाढला की माल गोदामात धरून ठेवणे महाग पडते, म्हणून तो हात राखून बोली लावतो. डाळीचा आणि तेलाचा ठोक व्यापारी साठा लवकर मोकळा करतो. फ्लॅट घेणारे थांबतात, मग सिमेंट, सळई आणि मिस्त्रीची मागणी मंदावते. मागणी मंदावली की भाव चढण्याचा वेग उतरतो. रिझर्व्ह बँकेला हेच हवे असते. 2016 मध्ये कायद्यात केलेल्या बदलानंतर किरकोळ महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 2 ते 6 या पट्ट्यात ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर आहे, आणि तिची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसून रेपो ठरवते. एप्रिल 2022 मध्ये महागाईचा दर 7.79 टक्के होता. बासी ईदच्या त्या घोषणेमागचे कारण हेच होते.

हे औषध सावकाश लागते, परिणाम दिसायला कित्येक महिने जातात. शिवाय ते प्रत्येक दुखण्यावर चालत नाही. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभरच्या पुढे गेला आणि महागाई पुन्हा 7.44 टक्के झाली. त्या वेळी समितीने दर वाढवला नाही, साडेसहावरच ठेवला. पाऊस आणि नासाडी यामुळे टोमॅटो कमी आले होते. गृहकर्ज महाग करून टोमॅटोचे पीक येत नाही. पुढच्या तोडणीचा माल बाजारात आला आणि सप्टेंबरपर्यंत महागाईचा आकडा 5 टक्क्यांच्या आसपास उतरला. भाजी महागली की लगेच 'आता हप्ता वाढणार' असे म्हणणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण सांगतो. समिती पाहते ती भाजीची महागाई बाकीच्या वस्तूंत, भाड्यात, मजुरीत पसरते आहे का, हे.

ऑक्टोबर 2025 मध्ये तर महागाईचा दर अवघा 0.25 टक्के निघाला. ती बातमी वाचून आमच्या घरी विचारणा झाली की मग किराण्याचे बिल का उतरले नाही? आम्ही किराण्याची जुनी वही काढून दाखवली. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा भाव किती चढले, एवढेच. समजा एखादी वस्तू 100 रुपयांची होती, एका वर्षी सात टक्क्यांनी चढून 107 झाली आणि पुढच्या वर्षी पाव टक्काच चढली, तर ती 107 रुपये 27 पैशांना मिळेल. बातमीत महागाई जवळजवळ शून्य, आणि दुकानात भाव 107 च. रेपो दराचे काम पुढची चढण रोखण्याचे आहे. चढून गेलेले सात रुपये तो परत आणत नाही.